कवड्यांची पिशवी आणि आठ की नऊ आरसे

हिंगोली जिल्हा नवा झाला तेव्हा मीही वकिलीत नवीच होते. हट्ट्याची मुलगी, औरंगाबादेतून कायदा शिकून आलेली, आणि कोर्टासमोर एका झेरॉक्सच्या दुकानावरची दहा बाय दहाची खोली. माझ्याकडे यायचे ते बांधाचे, वाटणीचे आणि पोटगीचे खटले. बौद्धिक संपदा हा विषय शेवटच्या वर्षाला होता म्हणून शिकले होते. परीक्षा झाल्यावर ते पुस्तक मी धाकट्या भावाला दिलं आणि त्यानं ते कुणाला तरी विकलं.

जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. एका सोमवारी औंढ्याजवळच्या तांड्यावरची एक बाई जिना चढून आली. पन्नाशीची, काटक, हातात मोठं गाठोडं. मागं तिची सून, पदर खाली ओढलेला. बाईनं गाठोडं सोडलं आणि माझ्या टेबलावर दोन पिशव्या ठेवल्या. दोन्हींवर आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा. एक हातानं भरलेली, दुसरी मशीनवर शिवलेली. मांडणी मात्र तीच.

"ही माझी," बाई म्हणाली. "आन् ही त्या दुकानदाराची. मंदिराच्या वाटंवर दुकान हाये त्याचं. शिवरात्रीच्या जत्रंत माझ्याकडून दोन इकत घेतल्या, आन् आता मशीनवर करून राहिला. वकीलबाई, त्याला बंद करा."

"मावशी, जत्रेत किती विकल्या?"

"समद्या. चाळीसेक आसतील. लई खपल्या."

ती अभिमानानं सांगत होती आणि माझा चेहरा उतरत होता. मी दोन दिवसांचा वेळ मागून घेतला. परभणीला जाऊन तिथं वकिली करणाऱ्या माझ्या जुन्या सरांच्या कपाटातून डिझाइनचा कायदा काढला आणि तिथंच बाकावर बसून वाचला. जे आठवत होतं ते खरंच निघालं. डिझाइन म्हणजे वस्तूचा आकार, नक्षी, रंगांची मांडणी, डोळ्यांना जे दिसतं ते. वस्तू हातानं केलेली असली तरी चालते. पण ती नवी हवी. अर्ज करण्याआधी ती कुठं विकली, दाखवली, छापली गेली असेल तर ती नवी राहत नाही. मावशीची पिशवी भर जत्रेत चाळीस जणांच्या खांद्यावर फिरून आली होती.

हे सांगायला मी स्वतः तांड्यावर गेले. लिंबाखाली बाज टाकली होती. तांड्याचा नायकही येऊन बसला होता, पांढऱ्या मिशांचा, बोलताना हसणारा. मी सांगितलं, तशी मावशी ताडकन उठली.

"म्हंजे मी इकली म्हून माझी न्हाई? घरात झाकून ठिवली आसती तर माझी?"

"अर्ज करेपर्यंत झाकून ठेवायची. नंतर खुशाल विका."

"कसला हा कायदा!"

नायकानं मात्र दुसरीच वाट काढली. त्यानं वसमतकडे ऐकलं होतं की आता एखाद्या भागाच्या मालाला त्या भागाचं नाव सरकारदरबारी लावून घेता येतं, हळदीचं तसं काही करावं असं लोक बोलत होते. "मंग आमच्या भरतकामाला लावा की आमचं नाव. एका बाईचं न्हाई, समद्यांचं."

त्याचा प्रश्न बरोबर होता आणि मला आनंद झाला की त्याचं तरी उत्तर येतंय. भौगोलिक मानांकन एका माणसाला मिळत नाही, ते करणाऱ्यांच्या संस्थेनं मागावं लागतं. अर्ज चेन्नईला जातो. त्यात नकाशा द्यावा लागतो, कुठून कुठपर्यंतचा माल आपला ते. आणि दाखवावं लागतं की मालाचा गुण किंवा नावलौकिक त्या जागेमुळं आहे. शिवाय त्यातून नाव राखलं जातं, टाका नाही. दुसरा कुणी तसाच टाका घालू शकतो, फक्त आपलं नाव लावून विकू शकत नाही.

"नकाशा," नायक म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसायला लागला. "वकीलबाई, आमचे आजे-पणजे बैलावर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले. हा टाका कर्नाटकात हाये, तेलंगणात हाये, राजस्थानात हाये. आमचं गाव म्हंजे बैलाची पाठ. तिचा नकाशा काढता का?"

सगळा तांडा हसला. मीही हसले, पण प्रश्न अवघड होता. हे होणारच नाही असं मी म्हणाले नाही. आधी करणाऱ्या बायांची संस्था नोंदवा, इथल्या कामात इथलं असं काय वेगळं आहे ते शोधा, जुने नमुने जमवा, मग बघू. हे वर्षांचं काम होतं. दुकानदार तोवर थांबणार नव्हता.

"मंग आता काय करायचं?" मावशीनं विचारलं.

"नवी वस्तू काढा. टाके जुनेच राहू द्यात. टाक्यावर कुणाचीच मालकी सांगता येणार नाही. पण वस्तूचा आकार आणि वरची मांडणी आधी कुणी न पाहिलेली हवी. आणि मावशी, कुणालाही दाखवायची नाही."

त्यानंतरचे दोन महिने तांड्यानं जी गुप्तता पाळली ती आठवली की मला अजून हसू येतं. भरतकाम एका खोलीत दार लावून चाले. जवळा बाजारहून दोरा आणायला गेलेल्या बायांना कुणी विचारलं, "काय चाललंय?" तर त्या म्हणायच्या, "गोधडी." इतक्या गोधड्या कुणासाठी, असं दोऱ्याच्या दुकानदारानं विचारल्यावर एकीनं तांड्यात तीन लग्नं ठरवून टाकली.

मग एक दिवस सासू-सून पुन्हा आल्या. मावशीनं दार लावायला सांगितलं, खिडकीही. गाठोड्यातून निघाली ती कमरेला अडकवायची छोटी पिशवी, मोबाईल ठेवायची. तेव्हा मोबाईल नुकते गावोगाव पोचत होते आणि लोक ते शर्टाच्या खिशात ठेवून वाकताना विहिरीत पाडत होते. पिशवीचा आकार खाली निमुळत्या चिंचोक्यासारखा, एका बाजूला कललेला. आरसे गोल रांगेत न लावता वळणावळणानं खाली उतरलेले, आणि कडेला कवड्या एकीआड एक उलट्या बसवलेल्या. मी असलं काही पाहिलं नव्हतं.

मी अर्जाचा कागद पुढं ओढला आणि मावशीचं नाव लिहायला लागले. मग सरांचं एक वाक्य आठवलं आणि विचारलं, "मावशी, हे सुचलं कुणाला? ज्यानं काढलं त्याचाच हक्क असतो."

मावशीनं सुनेकडं पाहिलं. खालच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. सून खाली बघत होती, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत.

"हिला," मावशी म्हणाली. "टाके दोघीनं घातले. पण नक्षी हिच्या डोक्यातली हाये. आधी पिठावर बोटानं काढली हिनं."

"मग अर्ज हिच्या नावानं जाईल."

"काहून न्हाई? जाऊ द्या." एवढं म्हणून तिनं सुनेच्या पाठीत हलकी थाप मारली. "ए, नाव सांग की तुझं."

सुनेनं नाव सांगितलं. तेव्हा कुठं मला तिचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

अर्जाला चित्रं लागतात, वस्तू समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून. आम्ही स्टेशन रोडच्या स्टुडिओत गेलो. फोटोवाल्याला मी विश्वासात घेतलं आणि त्यानं दार लावून फोटो काढले. धुऊन आले तेव्हा प्रत्येक आरशात फोटोवाला होता, एका डोळ्यावर कॅमेरा आणि डोक्यामागं दिवा. नऊ आरसे, नऊ फोटोवाले. सून इतकी हसली की पदर तोंडात कोंबायची वेळ आली.

शेवटी माझ्या ओळखीच्या एका चित्रकला शिक्षकाला पकडलं. त्यांनी काळ्या शाईनं सगळ्या बाजू काढून दिल्या. नवेपण कशात आहे ते मी एका वाक्यात लिहिलं: चित्रात दाखवलेला आकार आणि पृष्ठावरची मांडणी. दोरी ओढली की तोंड बंद होतं त्या युक्तीवर हक्क मागत नाही, हेही लिहिलं, कारण डिझाइनमध्ये दिसणं राखलं जातं, चालणं नाही. मावशीला दोरीचाच जास्त अभिमान होता. ती थोडी हिरमुसली. मी मुंबईच्या पेटंट कचेरीत जाऊन अर्ज दाखल केला, पावती घेतली आणि परत येऊन सांगितलं, "आता विका."

काही महिन्यांनी कचेरीकडून आक्षेपाचं पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की दिलेल्या चित्रांमध्ये मेळ नाही. मी चित्रं उलटीपालटी करून पाहिली, काही कळेना. दुपारी सासू-सून आल्या. सुनेनं चित्रांचे कागद हातात घेतले, आरशांवर बोट ठेवत गेली आणि दोन मिनिटांत म्हणाली, "ताई, इथं नऊ हायेत. या तिरप्या चित्रात आठच."

चित्रकलेचे गुरुजी एक आरसा विसरले होते. ते स्वतः माझ्या खोलीत आले, चष्मा पुसला, कान पकडले आणि माझ्याच टेबलावर नवी चित्रं काढून दिली. सून शेजारी उभी राहून मोजत होती.

पुढं नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. दहा वर्षांचं संरक्षण, अर्जाच्या तारखेपासून, नंतर पाच वर्षं वाढवता येणारं. मी ते तांड्यावर घेऊन गेले. सुनेनं ते वाचलं, मग परत वाचलं. तिच्या नावापुढं कुणाची सून, कुणाची बायको असं काही नव्हतं. नुसतं तिचं नाव आणि 'मालक'. मावशी शेजारणींना सांगत होती, "रेशन कार्डावर हिचं नाव तिसऱ्या ओळीत हाये, हितं पयलं."

मंदिराच्या वाटेवरच्या त्या दुकानदाराला मोबाईलची पिशवीही आवडली. मशीनवर करून घ्यायला त्यानं शिंप्याला नमुना दिल्याचं कळलं, म्हणून आम्ही तिघी त्याच्या दुकानात गेलो. मी प्रमाणपत्राची प्रत त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की नक्कल केली तर दावा जिल्हा न्यायालयात जाईल.

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं कागद वाचला, डोकं खाजवलं. "अन् ती जुनी मोठी पिशवी?"

"ती तुमी करा," सून म्हणाली. माझ्याआधी, मावशीच्याही आधी. "ती समद्यांनी पाह्यलेली हाये. ही न्हाई. ही पायजे आसंल तर आमच्याकडून घ्या. श्रावणात गर्दी ऱ्हाती, तवा लागतील ना?"

"लागतील की."

"मंग आत्ताच सांगा किती. आमाला भरायला दिवस लागत्यात."

दुकानदारानं मावशीकडं पाहिलं. मावशीनं सुनेकडं बोट केलं. त्यानं वही काढली आणि सुनेला बसायला स्टूल दिलं.

बाहेर आल्यावर आम्ही बसस्टँडसमोर भजी खाल्ली. मावशीचं म्हणणं पडलं की भजीत ओवा कमी आहे आणि सुनेनं भाव जरा वाढवून सांगायला पाहिजे होता. तेलकट कागदाच्या मोकळ्या कोपऱ्यावर सून नखानं नव्या नक्षीच्या रेघा ओढत होती.