एका प्याद्याची आघाडी

मुलुंडच्या आमच्या बुद्धिबळ क्लबात डाव अर्धवट राहिला, तर पुढची चाल पाकिटात बंद करून उरलेला डाव पुढच्या रविवारी खेळायचा. असाच माझा एक डाव भांडुपच्या काकांशी राहिला होता: माझ्याकडे एक हत्ती आणि चार प्यादी, त्यांच्याकडे एक हत्ती आणि तीन. सगळी प्यादी पटाच्या एकाच बाजूला.

आठवडाभर मी भावाने दुबईहून आणलेल्या बुद्धिबळाच्या मशीनवर तो डाव लावून बसलो. आकडा यायचा 1.0, म्हणजे एका प्याद्याइतकी माझी सरशी. म्हटलं, जिंकलोच!

रविवारी काकांनी बसल्या बसल्या बरोबरी मागितली. मला लगेच संशय आला. म्हातारा एकतर घाबरलाय, नाहीतर काहीतरी लपवतोय.

"नाही काका, खेळूया," मी तोऱ्यात म्हणालो.

चाळीस चाली झाल्या. माझ्या राजाला आत शिरायला वाटच मिळेना, काकांच्या हत्तीचे शह काही थांबेनात. शेवटी चडफडत बरोबरी मीच मागितली.

काका सोंगट्या आवरत म्हणाले, "मशीनवर बघून आलास ना रे? एक दाखवलं असेल. ते तुझं जास्तीचं प्यादं, मलाही दिसत होतं. पण डाव खरंच जिंकण्यासारखा असला, तर मशीन जसजसं पुढचं बघतं तसतसा आकडा चढत जातो. आठवडाभरात तो चढला का कधी?"

नव्हता चढला.