हिंदुरावांच्या घराला दुसरा मीटर

अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या गल्लीत हिंदुरावांचं घर. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी वर मजला चढवला, मुलाचं, विक्रांतचं लग्न झालं म्हणून. वर जायला बाहेरून जिना, वरची चूल वेगळी. मीटर मात्र एकच.

खाली ते एकटेच. बायको, कौसाबाई, जाऊन तीन वर्षं झाली होती. बिल आलं की हिंदुराव ते घेऊन वर जायचे. सून शीला चहा टाकायची, नात राजसी मांडीवर चढायची. बिलाचं बोलणं दोन मिनिटांचं, बसणं तासभराचं.

त्या उन्हाळ्यात वर एसी लागला. आधी सगळं घर मिळून पंच्याण्णवच्या आसपास युनिट जळायचे, ते दोनशे तीस झाले. बिल मात्र तिपटीच्या वर गेलं.

"युनिट अडीचपटसुद्धा नाहीत," हिंदुराव वीज ऑफिसात म्हणाले. "मीटर पळतोय."

खिडकीतल्या तेजस्वीने बिल पाहिलं. "मीटर ठीक आहे, काका. पहिले शंभर युनिट स्वस्त. त्याच्या पुढच्या प्रत्येक युनिटला जवळजवळ दुप्पट दर. आधी तुम्ही शंभराच्या आतच होतात. आता पहिले शंभर जुन्याच दराने, पण पुढचे एकशे तीस महाग पडलेत." मग तिने विचारलं, "घरात चुली दोन आहेत का?"

"आहेत."

"मग वरच्यांचा वेगळा मीटर घ्या. खालचे तुमचे चाळीस धरले, तर ते सगळे स्वस्तात जातील. त्यांच्या एकशे नव्वदातले शंभर स्वस्त, नव्वदच महाग. स्थिर आकार, म्हणजे मीटरमागची दरमहाची ठरलेली रक्कम, दोनदा भरूनही एकूण कमीच येईल."

हिशेब त्यांना पटला. घशाखाली मात्र उतरला नाही. रात्री कामावरून परतलेल्या विक्रांतला त्यांनी जिन्यापाशी एवढंच विचारलं, "मीटर वेगळा म्हणजे घर वेगळं का रे?"

"काय बोलता बाबा! दर महिन्याला उगाच जास्त का भरायचं?"

खरंच होतं. त्यांनी संमतीपत्रावर सही केली. पंधरवड्यात जिन्याखाली दुसरा मीटर बसला.

पुढचं बिल हलकं आलं. फक्त चाळीस युनिटचं, हिंदुरावांच्या एकट्याचं. वरच्यांचं विक्रांतच्या मोबाइलवर आलं, त्याने ते गाडीतच भरून टाकलं. सगळं सुरळीत झालं होतं.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले. वरून राजसीची पावलं धावताना ऐकू येत होती, शीला तिला ओरडत होती. जायला कुणी अडवलं नव्हतं. पण हातात काही नसताना, 'आलो सहज' असं म्हणत आपल्याच घरात पायरी कशी चढायची, हे त्यांना सुचेना. आत जाऊन त्यांनी एका कपाचं आधण ठेवलं.