वारलेल्या माणसाला लागलेली गाडी

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे आणि गावचं पोस्ट आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. ते मी चालवते. घोडेगावहून दुपारच्या एसटीनं टपालाची थैली येते, मी ती फोडते, पत्रं लावते आणि वाड्यावस्त्यांवर वाटून येते. सून म्हणून आले तेव्हा मला गावातली चार घरं माहीत नव्हती. आता कुणाला काय येतं, ते पाकिटाच्या जाडीवरून कळतं.

त्या वर्षी भात कापून झाल्यावर थैलीत एकाच दिवशी तीन सारखी पाकिटं आली. जाड, चकचकीत कागदाची, वर एका मोठ्या ऑनलाइन कंपनीचं नाव. पाठवणाऱ्याचा पत्ता दूरच्या एका शहरातला. त्यावर गल्ली होती, घराचा नंबर नव्हता. तिन्ही नावांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं, आणि तरी ती तीन नावं आधीही कधी एकत्र पाहिल्यासारखी वाटली. मग आठवलं. पावसाळ्यापूर्वी टीव्हीवरची जाहिरात बघून ज्यांनी गुडघ्याचं तेल मागवलं होतं, तेच हे तिघं. ती पार्सलं मीच नेऊन दिली होती, पैसेही मीच घेतले होते. पण तेलाची कंपनी वेगळीच होती; तिथली नावं यांच्यापर्यंत कशी पोचली, कळेना.

तिघांपैकी वरच्या आळीतले आजोबा श्रावणातच वारले होते. त्यांच्या पाकिटावर मी 'मयत' असा शेरा मारला आणि परत पाठवायच्या थैलीत टाकलं. दुसरं पाकीट ज्यांचं होतं त्यांनी फोडून बघितलं आणि चुलीत घातलं. तिसरं होतं आत्याबाईंचं.

आत्याबाई माझ्या नवऱ्याच्या लांबच्या आत्या. एकट्या राहायच्या. भाताची दोन खाचरं, हिरड्याची झाडं आणि शाळेत खिचडी शिजवायचं काम. हिरडा विकून आलेलं सगळं पोस्टात ठेवायच्या. एकदा सही घेतली की पाकीट माझं राहत नाही, म्हणून मी ते दिलं. काही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला अजून वाटतं.

आठ-दहा दिवसांनी त्या पासबुक घेऊन आल्या. जवळजवळ सगळी शिल्लक काढायची म्हणाल्या. मी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, घराचं काम काढलंय. घराचं काम काढलेलं माणूस असं दाराकडे बघत बसत नाही. मी फॉर्म भरायला उशीर लावला, शाई वाळली म्हणून दुसरं पेन शोधलं. शेवटी त्यांनीच पदरातून ते कार्ड काढलं. वरचा चंदेरी पट्टा नाण्यानं खरवडलेला, खाली लाल गाडीचं चित्र आणि ती तुम्हाला बक्षीस लागली असा मजकूर. गाडी नको असली तर तेवढी रोख रक्कम मिळेल, असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. नोंदणीची म्हणून एक फी त्यांनी दुसऱ्या एका भाच्याच्या फोनवरून आधीच भरली होती. आधार कार्डाचा फोटोही पाठवला होता. आता दुसरी फी मागत होते, कसल्याशा सर्टिफिकेटची. ही भरली की पैसे खात्यात.

मी विचारलं, या कंपनीकडून तुम्ही कधी काही घेतलंय का?

"न्हाई."

"मग तिकीट काढलंत? फॉर्म भरलात? नाव कुठं दिलंत?"

"कुठं देनार? त्यांनीच काढलं नाव. कंपूटरनं काढत्यात."

"आत्याबाई, आपण भिशीची चिठ्ठी काढतो. भिशीत जी नाही, तिचं नाव डब्यातून निघेल का?"

त्यांनी कार्ड पदरात परत घेतलं. मग अगदी हळू बोलल्या, "तुला माजं बगवत न्हाई का गं?"

ते मला लागलं. गावात पोस्टवालीबद्दल असं बोललं जातं, मला ठाऊक आहे. कुणाचं पत्र उशिरा आलं की हिनंच दाबून ठेवलं, असं म्हणतात. मी पैसे दिले नसते तर त्या घोडेगावला जाऊन काढून आल्या असत्या, आणि गाडी पोस्टवालीनं घालवली असं गावभर झालं असतं. पैसे त्यांचे होते. अडवायचा मला अधिकार नव्हता. मी म्हटलं, देते, पण आधी माझ्यासमोर फोन लावा.

आमच्या खोलीत रेंज फक्त खिडकीपाशी येते. दोघी तिथं उभ्या राहिलो आणि त्यांचा साधा फोन मी स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, फार अदबीनं. दर वाक्याला माताजी म्हणत होता. मी त्यांची सून म्हणून बोलले. फी बक्षिसातूनच कापून घ्या आणि उरलेले द्या, असं सांगितलं. तसा नियम नाही म्हणाला. पैसे कंपनीच्या खात्यात का नाही, एका माणसाच्या नावावर का भरायचे, हे विचारलं तर तो आमचा अकाउंटंट आहे म्हणाला. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं, आणि आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, की बघ, किती व्यवस्थित सांगतोय.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. एकाचं टपाल दुसऱ्यापाशी बोलायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा, आणि तो मी मोडला. आमच्याच गावात अजून एकांना तुमचं पाकीट आलंय, असं म्हणून मी वरच्या आळीतल्या आजोबांचं नाव घेतलं. त्यांनाही बक्षीस लागलंय का, विचारलं.

तिकडून कागद चाळल्यासारखा आवाज आला. हो, हो, म्हणाला. त्यांच्याशी कालच माझं बोलणं झालं. फार भले गृहस्थ. त्यांनी फी भरली पण, त्यांची गाडी निघाली. माताजी, तुम्हीच मागं राहिलात.

आत्याबाईंनी फोनकडे पाहिलं. आजोबांच्या मयताला त्या स्वतः होत्या, दहाव्यालाही. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, पण बंद कुठून करायचा ते सुचेना. तो बोलतच राहिला, माताजी, माताजी. मी बंद केला.

पासबुक पदरात खोचून त्या पैसे न काढताच निघाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन घोडेगावला पोलीस स्टेशनात गेले. तक्रार लिहून घेतली. ज्या खात्यात पहिली फी गेली होती ते पोलिसांनी बघितल्यावर कळलं की पैसे त्याच दिवशी दुसरीकडं वळवलेले होते. पहिली फी परत आली नाही. येईल असंही कुणी म्हणालं नाही. त्या नंबरवरून पुढं महिनाभर फोन येत राहिले, आधी अदबीनं, मग धमकीचे. तुमचं आधार आमच्याकडं आहे, केस करू, म्हणायचे. आत्याबाईंनी फोन पिठाच्या डब्यात ठेवून दिला.

माझ्याशी मात्र त्या बरेच दिवस बोलल्या नाहीत. पेन्शन न्यायला आल्या तरी मशीनवर अंगठा टेकवून, मान खाली घालून जायच्या. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. एकदा शाळेच्या पायरीवर मीच जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तू नाव घेतलं नसतंस तर मी भरले असते," त्या म्हणाल्या. "तुजं खरं वाटतच नव्हतं. त्याचं वाटत व्हतं."

मी विचारलं, का?

"तो म्हनत व्हता तुमाला मिळालं. तू म्हनत व्हतीस न्हाई मिळालं."

मी त्यांच्या सुपातले चार खडे उचलून बाहेर टाकले.

तशी पाकिटं अजून येतात. परवाही एक आलं, खालच्या वस्तीतल्या एका नव्या सुनेच्या नावानं. सही घ्यावी लागते, द्यावंच लागतं. मी सही घेतली, पाकीट तिच्या हातात दिलं आणि जायच्या ऐवजी तिच्या ओट्यावर बसले. म्हटलं, फोड माझ्यासमोर. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, की हिला माझ्या टपालात काय एवढं बघायचंय.