वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत न छापलेले पत्र

माझ्या पत्नीने आमच्या नातीला लिहिलेले पत्र मी का वाचले नाही, याविषयी आमच्या घरात निरनिराळ्या हकिकती सांगितल्या जातात. मुलगा म्हणतो, आबांना मोबाइलवरचा फोटो मोठा करता येत नाही. चोपड्याला दिलेली माझी धाकटी बहीण म्हणते, भावाला धीर झाला नाही. दोघेही साफ चूक आहेत. न्यायालयातल्या नोकरीत माझी हयात इतरांच्या साक्षी उतरवून घेण्यात गेली. तिथे नसलेला माणूस किती ठामपणे बोलू शकतो, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून जे घडले ते मीच लिहून ठेवतो.

पत्नी अखेरच्या उन्हाळ्यात अंथरुणावरच होती. एके दिवशी सकाळी तिने माझ्याकडे पेन मागितले आणि म्हणाली, "दार लोटून घ्या." मी दार लोटून बाहेर ओट्यावर बसलो. बऱ्याच वेळाने तिने आत बोलावले तेव्हा कागदाची घडी झालेली होती. शेजारचे गृहस्थ त्या दिवशी कामानिमित्त धुळ्याला निघाले होते. नात तिकडे वसतिगृहात राहून शिकते. तिच्यासाठी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा द्यायचा होता. त्या डब्यात, बिबड्यांच्या वर, पत्नीने ती घडी स्वतःच्या हाताने ठेवली. झाकणही तिनेच लावले. तिच्या बोटांत तेवढा जोर राहिला नव्हता, तरी मला लावू दिले नाही.

त्यानंतर ती फार दिवस जगली नाही.

तेरावे आटोपून नात धुळ्याला परतली. एका संध्याकाळी तिचा संदेश आला: "आबा, आजीचं पत्र. काही विचारायचं नाही, फक्त दाखवायला पाठवतेय." खाली फोटो. माझ्या मोबाइलमध्ये फोटो आपोआप उतरून साठतात, त्यामुळे बोट लावताच तो स्वच्छ उघडला. वहीचा रेघांचा कागद, दोन्ही घड्या स्पष्ट, वरच्या कोपऱ्यात तेलाचा डाग, आणि कडेला कागद धरलेला नातीचा अंगठा. फोटोच्या तळाशी एक लहानसे चिन्हही होते. ते दाबले की मोबाइल चित्रातली अक्षरे स्वतः ओळखून मजकूर वेगळा काढून देतो. न्यायालयाच्या जुन्या कागदांसाठी मी ते वापरलेले आहे. तेव्हा फोटो मोठा करता येत नाही, ही मुलाची हकिकत इथेच निकालात निघते.

मी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय मला अक्षर वाचता येत नाही, पण अक्षराचे वळण दिसते. तरी प्रामाणिकपणे सांगतो: चष्मा काढण्याआधी पहिला शब्द डोळ्यांत शिरलाच. नातीला तिने कोणत्या नावाने हाक मारली होती, तो शब्द. वाचता येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना आवरता येत नाही. तो शब्द मी कोणालाही सांगितलेला नाही आणि इथेही लिहिणार नाही.

मग चष्मा लावून, पत्राकडे न पाहता, मी उत्तर लिहिले. ते नातीच्या संमतीने इथे देतो, कारण लिहिले मी असले तरी आता ते तिचे आहे:

"पत्र पाहिले. वाचले नाही. अक्षर तिचेच, ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत. हात दुखत असताना तिने लिहिले आहे, तरी शेवटपर्यंत अक्षर लहान झालेले नाही. मजकूर तुझा आहे, त्यात काय आहे हे मी विचारणार नाही. घड्यांवर कागद लवकर फाटतो, म्हणून उलगडून जाड वहीत सपाट ठेव. उन्हात ठेवू नकोस, शाई उडते. चिकटपट्टी लावू नकोस. मला दाखवलेस, बरे वाटले. फोटो माझ्याकडून काढून टाकतो."

तिचे उत्तर एका शब्दाचे होते: "बरं." मी फोटो चॅटमधून काढला, काढताना मोबाइलमधली प्रतही काढायची का, असे विचारले जाते, तिथेही खूण केली.

आता बहिणीच्या धीराच्या हकिकतीकडे येतो. तिचे लग्न लवकर झाले, म्हणून आमच्या घरातले पुढचे दिवस तिने पाहिलेले नाहीत. माझी पत्नी लग्न होऊन आली तेव्हा आम्ही गावी होतो. तिच्या माहेरचे पत्र आले की ते वडील फोडत, ओसरीवर मोठ्याने वाचत, आणि मग दाराशेजारच्या तारेत खोचून ठेवत. भांडी घासून झाल्यावर तिला ते तारेतून काढून बघता येई. बहीण म्हणते, "आपला बाप असा नव्हता. वहिनीनं पत्र तो पहिलं तिलेच दे." म्हणजे वडील वहिनीचे पत्र आधी वहिनीलाच देत. मी तिला पत्नीच्या पेटीतली जुनी पत्रे दाखवली. प्रत्येकाच्या मधोमध तारेचे भोक आहे. त्यावर ती म्हणाली, "भोकं उंदरासनी बी पडतस, भाऊ." इतकी वर्तुळाकार भोके पाडणारे उंदीर चोपड्यात असतील.

त्या पत्रांत काय आहे, हे मी सांगू शकतो, कारण ती ओसरीवर सगळ्यांनीच ऐकली आहेत. सगळ्या पत्रांत एकच मजकूर: इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी. तिच्या आईला ठाऊक होते की लेकीच्या आधी तो मजकूर ओसरी ऐकणार. म्हणून आईने स्वतःच्या दुखण्याविषयी कधी एक ओळ लिहिली नाही. दुखणे वाढत गेले आणि पत्रांत खुशाली येत राहिली. शेवटी निरोप घेऊन माणूस आला तेव्हा बोलण्यासारखी आई उरली नव्हती. पत्नी यावर कधी भांडली नाही. फक्त एकदा, पेटी आवरताना, ती पत्रे उजेडात धरून म्हणाली, "ह्यातलं एकही माझ्याकरता लिहिलेलं नाही."

त्या बाईने साऱ्या आयुष्यात दार लोटून लिहिलेले हे एकच पत्र. ते ओसरीवर वाचले जाऊ नये, एवढाच माझा हिशेब होता. याला धीर नसणे म्हणायचे असेल तर बहिणीने खुशाल म्हणावे.

वर्षश्राद्ध जवळ आले. मुलगा पत्रिकेसाठी आईचे फोटो शोधत होता. इथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझा मोबाइल त्यानेच घेऊन दिलेला, खातेही त्यानेच उघडलेले. काही हरवू नये म्हणून त्याने सगळ्या फोटोंची प्रत इंटरनेटवर आपोआप साठत राहील अशी सोय केली होती. मोबाइलमधून काढून टाकलेला फोटो तिथून जात नाही. तेच खाते त्याच्याही मोबाइलवर उघडे होते. तो हॉलमध्ये आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"आबा, आईचं पत्र सापडलं. तिच्या हातचं. पत्रिकेच्या मागच्या पानावर छापू. लोक जपून ठेवतील."

"ते तुझ्या मुलीचं आहे."

"माझ्या आईचं आहे."

"लिहिलं आईने. ज्याला लिहिलं, त्याचं झालं."

"कोर्ट उठलं, आबा. तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली?"

"कायदा रिटायर झालेला नाही."

तो हसला नाही. पडद्यावर दोन बोटे ताणून म्हणाला, "तुम्ही वाचलं तरी आहे का? पहिल्या दोन-तीन ओळींनंतर तुमच्याबद्दलच..."

"तिथेच थांब."

"चांगलं आहे की वाईट, तेवढं तरी..."

"थांब म्हटलं ना."

तो थांबला. मुलगा वाईट नाही. त्याचीही आई गेली होती, आणि तिने त्याला पत्र लिहिले नव्हते. हे त्याच्या तोंडावर मला तेव्हा दिसले. पण दिसले म्हणून माझे म्हणणे बदलले नाही. मी त्याला माझ्यासमोर तो फोटो काढून टाकायला लावला. काढून टाकलेले फोटो तिथे एका कचऱ्याच्या कप्प्यात बरेच आठवडे पडून राहतात आणि हवे तेव्हा परत आणता येतात, हे मला वाचून माहीत होते. तो कप्पाही रिकामा करायला लावला. त्याने मोबाइल सोफ्यावर टाकला आणि म्हणाला, "झालं समाधान? आता कोणाकडेच नाही."

"जिच्याकडे असायला हवं, तिच्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी मी नातीला फोन केला. लपवून ठेवले असते तर तिला कळलेही नसते. पण मग माझ्या उत्तरातला शब्दन् शब्द खोटा ठरला असता.

"किती वाचलं पप्पांनी?" तिने विचारले.

"दोन-तीन ओळी म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"पहिला शब्द. तोही चुकून."

मग ती म्हणाली, "मी फक्त तुम्हाला दाखवलं होतं, आबा."

"हो. प्रत दुसरीकडे साठते, हे मला ठाऊक नव्हतं. आता तीही नाही. तुझे वडील पत्रिकेत छापायचं म्हणतात. मी हो म्हटलेलं नाही, नाही म्हणण्याचाही अधिकार माझा नाही. तू सांग."

"नको."

"ठीक आहे."

पत्रिकेच्या मागच्या पानावर पत्नीचा जुना फोटो छापला गेला. मुलगा अजून माझ्याशी कामापुरतेच बोलतो. जेवायला बसलो की समोरची खुर्ची रिकामी, आणि बाजूच्या खुर्चीवरचा माणूस ताटात बघणारा, अशी आमची पंगत. बोटे ताणून त्याने काय वाचले, ते त्याने मला सांगितले नाही. मी विचारणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. कधी कधी वाटते, त्याची शिक्षा हीच आहे; आणि कदाचित माझीही.

वर्षश्राद्धाला नात आली. सकाळी माझ्या खोलीत बॅग ठेवली, तिच्यातून जाड वही काढली, त्यातला तो कागद माझ्या टेबलावर सपाट, लिहिलेली बाजू खाली करून ठेवला, आणि आंघोळीला गेली. नंतर माणसे आली, पाने वाढली गेली, भटजी गेले. दुपारभर मी त्याच टेबलाशी बसून होतो. पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा एक कोपरा उचलला जाई. मी त्यावर चष्म्याचे घर ठेवले. पाठीमागून लेखणीचे उठाव दिसत होते, पण उलटे. आणि मी ते लावून बघितले नाहीत.

जाताना बहीण खोलीत डोकावली. कागद बघून तिला सगळे उमगले, असे तिला वाटले.

"पोरनी तुनाकरताच ठेल शे ना तो. वाची टाक ना आते. कोन बघस?"

"दार लाव जाताना," मी म्हणालो.

संध्याकाळी नातीने चष्म्याचे घर बाजूला केले, कागद उचलला आणि उलटसुलट न बघता वहीत ठेवला. मला काही विचारले नाही. बहीण आता सगळ्यांना सांगते की पोरीने आबाला शेवटची संधी दिली आणि आबाने ती घालवली. ही तिसरी हकिकत, आणि तीही चूक. नातीने मला पत्र वाचायला दिलेच नव्हते. या घरात ते टेबलावर नुसते ठेवले तरी कोणी वाचत नाही, एवढे तिला पाहायचे होते. तिने ते पाहिले, आणि रात्रीच्या आत धुळ्याला पोहोचायचे म्हणून संध्याकाळच्या बसने ती परत गेली.