तिसरी तुलना

आता गुडघे इतके दुखतात की दुपारी जेवण झालं की मी पलंगावरून हलत नाही. त्या दुपारीही हललेच नसते. पण नातीनं तिचा सगळा संसार माझ्याच पलंगाच्या पायथ्याशी मांडला होता: वायरी खोचायच्या भोकांचे दोन ब्रेडबोर्ड, वायरींचं जंजाळ, बारा स्विच, बारा बारके लाल दिवे. डिप्लोम्याचं तिचं शेवटचं वर्ष. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोजेक्ट दाखवायचा होता. तो पास झाला तरच नागपूरच्या कारखान्यातली ट्रेनीची जागा तिला मिळणार होती, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं. बोर्डावर काय चाललंय ते फक्त मला कळत होतं, कारण रिटायर होईस्तोवर मी पॉलिटेक्निकात हेच शिकवलं.

काम ऐकायला सोपं. चार-चार बिटांचे, म्हणजे चार-चार स्विचांवर मांडलेले, शून्य ते पंधरामधले तीन आकडे कसेही द्या. बाहेर दिव्यांवर लहान, मधला, मोठा असे रांगेत आले पाहिजेत. त्यासाठी कम्पॅरेटर नावाची चिप दोन आकडे बघून सांगते, पहिला मोठा आहे का. तिच्या त्या एका तारेवर दोन मल्टिप्लेक्सर चालतात. मल्टिप्लेक्सर म्हणजे दोन वाटा आत, एक वाट बाहेर; तार सांगेल ती वाट उघडी. एकातून लहान आकडा निघतो, दुसऱ्यातून मोठा. तार दोघांना एकच, फक्त दुसऱ्याच्या आतल्या वाटा उलट जोडायच्या. एक कम्पॅरेटर आणि दोन मल्टिप्लेक्सर मिळून एक अदलाबदलीचा टप्पा झाला.

नातीनं असे दोन टप्पे लावले होते. आधी पहिल्या दोन आकड्यांचा, मग त्यातला मोठा आणि तिसरा यांचा. तिच्याजवळ प्रॅक्टिकलच्या जर्नलची झेरॉक्स होती, झेरॉक्सची झेरॉक्स, आधीच्या बॅचच्या मुलींकडून आलेली. त्यात करून बघायची तीन रीडिंग होती: एक नऊ, पाच, बारा; दुसरं तीन, चौदा, सात; तिसरं सहा, सहा, दहा. तिन्ही बरोबर आली.

"झालं, आजी," ती म्हणाली. "आता पॅक करून ठेवते."

आमच्याकडे अशीच रीत. जर्नलमध्ये जी रीडिंग आहेत तीच घ्यायची, सर तीच बघतात, सही करतात. मी पस्तीस वर्षं अशाच सह्या केल्या.

ती चहा ठेवायला आत गेली. मला स्वस्थ बसवत नाही, ही माझी जुनी खोड. पायाच्या अंगठ्यानं नाही, पण काठीच्या टोकानं मी स्विच हलवले. पहिल्या रीडिंगचेच आकडे, फक्त मोठ्याकडून लहानाकडे: बारा, नऊ, पाच. दिवे लागले: नऊ, पाच, बारा.

चहा घेऊन आली तर बोर्डाकडे बघून ती कप तसाच धरून उभी राहिली. "आजी, तू काय करून राहिली? कोणती वायर ओढली?"

मी म्हटलं, कुठली वायर ओढली नाही, स्विचच हलवले. तिला पटलं नाही. तासभर ती एकेक तार दाबून बघत होती. आदल्या मंगळवारी बसमधून बोर्ड आणताना जामसांवलीला दर्शनाला जाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की बोर्डाचा डबा तिनं पोटाशी धरला होता. त्यातच काही ढिलं झालं असेल, असं ती म्हणत होती. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मला तसंच वाटावं असं वाटत होतं, कारण उन्हानं डोकं जड झालं होतं आणि मला झोपायचं होतं.

मग सहज ती झेरॉक्स मी जवळ घेतली. त्यातला इंग्रजी सात असा लिहिला होता की त्याच्या पोटातून आडवी रेघ. तसा सात आमच्या पॉलिटेक्निकात एकच बाई लिहायची. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अक्षर माझंच.

ती बाई मला चांगली आठवते. वय तेवीस, करकरीत इस्त्रीची साडी, लॅबमध्ये शिरली की मुलं उभी राहायची आणि तिला ते फार आवडायचं. तिला एकाच गोष्टीचं वेड होतं: दोन आकडे सारखे आले तर काय. कम्पॅरेटरची 'सारखे' वाली आतली पिन पाच व्होल्टला जोडली नाही म्हणून तिनं किती मुलांचे दोन-दोन मार्क कापले. त्यासाठीच तर 'सहा, सहा, दहा' हे रीडिंग. या जागी सारख्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली काय, न झाली काय, बाहेर सहा आणि सहाच येणार, हे तिच्या हुशार डोक्यात आलं नाही. आणि सगळ्यात लहान आकडा तिसऱ्या जागी आला तर त्याला पहिल्या जागी जायला दोन पावलं लागतात, दोन टप्प्यांत तो एकच पाऊल सरकतो, हेही नाही. तिन्ही रीडिंगांत लहान आकडा पहिल्या दोघांतच होता. म्हणून सगळं नेहमी बरोबर येत गेलं.

नातीला मी हे सांगितलं. तिनं झेरॉक्स माझ्या हातून ओढून घेतली.

"म्हणजे चूक तुही हाय?"

"माहीच."

"आणि आमचे सर तुहेच विद्यार्थी."

"हो. त्यालेही मीच सही देल्ली होती."

ती हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. तिचा प्रश्न सरळ होता. जर्नलप्रमाणे दोनच टप्पे दाखवले तर सर जर्नलचीच रीडिंग घेतील, सही होईल, जागा मिळेल. तिसरा टप्पा लावला आणि काही बिघडलं तर सगळंच जाईल. शिवाय तीन चिपा कुठून आणायच्या. नागपूरला जाऊन यायला वेळ नव्हता.

माळ्यावरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा मी तिला काढायला सांगितला. थर्माकोलमध्ये खोचलेल्या जुन्या चिपा: एक कम्पॅरेटर, दोन मल्टिप्लेक्सर. एकाचा पाय तुटलेला. मी म्हटलं, लावायचं की नाही ते तू ठरव, मला विचारू नको, माझं ठरवलेलं काय होतं ते तू बघितलंस. तिनं डबा हातात घेतला आणि काही वेळानं सोल्डरिंग गन तापत ठेवली. तुटलेल्या पायाला तारेचा तुकडा मी जोडला. तो दोनदा जोडावा लागला. पहिल्या दोन बाहेरच्या आकड्यांवर तिसरा टप्पा बसला तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती. बारा, नऊ, पाच. बाहेर पाच, नऊ, बारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या सरांचा फोन आला. नातीनं आधी जर्नलची रीडिंग दाखवली, मग स्वतःहून बारा, नऊ, पाच घेतलं, आणि मग तिसरा टप्पा बाजूला काढून तेच रीडिंग परत दाखवलं होतं. पास झाली, हे त्यांनी आधी सांगितलं, म्हणून मी टेकून बसू शकले.

"मॅडम," ते म्हणाले, "दहा वर्षं मी हीच झेरॉक्स वाटून राहिलो."

"आणि मी पस्तीस," मी म्हटलं. "तुम्ही थोडक्यात सुटले."

जर्नलचं ते पान बदलतो म्हणाले, पण नवं रीडिंग मॅडमनीच लिहून द्यावं. संध्याकाळी नात कागद आणि पेन घेऊन आली. मला कंटाळा आला होता, पाठ दुखत होती. मी चौथी ओळ लिहिली: बारा, सात, दोन. सातच्या पोटातून रेघ मुद्दाम ओढली, आणि आडवी झाले.