ताजी तारीख वर

आमच्या शनिवारच्या बैठकीत पाच जण होते. सोनईत शनिवारी सकाळची शाळा सुटली की कॉम्प्युटरची खोली मोकळी व्हायची आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही दोन तास तिथे बसायचो. मी शाळेची हेडक्लार्क. खेळाचे सर, औषध-खतांचे दुकानदार आणि साखर कारखान्यातले एक केमिस्ट, हे तिघे. पाचव्या आमच्या बाई. त्यांनी मला आठवीत गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन घोडेगावला राहायच्या आणि शनिवारी एसटीने यायच्या.

शेअर निवडायचे, त्यावर चर्चा करायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत लक्ष ठेवायचं, एवढंच आमचं काम. आकड्यांची जबाबदारी बाईंकडे होती. बारा शेअर त्या हाताने मांडायच्या. त्यांचं आवडतं माप आरएसआय. गेल्या चौदा दिवसांत भाव जितका वाढला त्याची सरासरी, जितका घसरला त्याची सरासरी, आणि त्या दोन्हींच्या प्रमाणावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा. सत्तरच्या वर म्हणजे शेअर तापलेला, तिसाच्या खाली म्हणजे थंडावलेला. वेबसाइटवर दिसणारा आकडा थोडा वेगळा येतो, कारण तिथे सरासरी दुसऱ्या पद्धतीने काढतात. हे बाईंनी आम्हाला पहिल्याच महिन्यात समजावलं होतं. आमची पद्धत बाईंची, साध्या सरासरीची.

दिवाळीच्या सुट्टीत मी पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले. व्हिडिओ पाहून, वही करून, धडा झाला की खूण करून. मला कामं अशीच जमतात. मग ठरवलं की बाईंचे बारा धरून एकूण चाळीस शेअर मशीनने चाळायचे. आधी यादी केली:

चाळीस नावं. प्रत्येकाची वर्षभराच्या बंद भावांची, म्हणजे रोज बाजार बंद होतानाच्या भावांची फाइल. पन्नास दिवसांची सरासरी. चौदा दिवसांचा आरएसआय. नियम दोन: आजचा भाव पन्नास दिवसांच्या सरासरीच्या वर हवा, आणि आरएसआय चाळीसच्या खाली. म्हणजे चाल वरची, पण सध्या थोडा दम घेतलेला शेअर.

प्रोग्राम तीस ओळींचा झाला. एक फाइल उघडायची, दोन आकडे काढायचे, दोन्ही नियम बसले तर नाव छापायचं, पुढची फाइल घ्यायची.

फाइली उतरवल्या तेव्हा त्यांत जुनी तारीख वर होती आणि ताजी खाली. मला ते बघवेना. सव्वीस वर्षं मी फाइली लावते आहे. ताजं पत्र नेहमी वर, म्हणजे साहेबांनी फाइल उघडताच शेवटची गोष्ट समोर दिसते. मी एक ओळ घालून तारखा उलट्या केल्या. आता आजचा भाव पहिल्या ओळीत आला.

पण पहिल्या ओळीत सरासरीच येईना, नुसतं रिकामं दिसायचं. पन्नास आकडे साठल्याशिवाय पन्नासाची सरासरी निघत नाही आणि मशीन वरून खाली मोजतं, म्हणून वरच्या एकोणपन्नास जागा कोऱ्या. आरएसआयच्या वरच्या चौदा जागा तशाच. मी शोधलं, तर अशा जागा खालच्या पहिल्या आकड्याने भरून टाकणारी एक आज्ञा सापडली. ती घातली. सगळे रकाने भरले. कोरे रकाने मला ऑफिसातही चालत नाहीत.

खात्रीसाठी मी एका शेअरची पन्नास दिवसांची सरासरी कॅल्क्युलेटरवर काढली. पैशासकट जुळली. आरएसआय काढून पाहिला नाही. वेबसाइटवरही पाहिला नाही. तिथला आकडा वेगळाच येतो ना, असं स्वतःला सांगितलं.

त्या शनिवारी मी यादी छापून नेली. चाळीसपैकी अकरा नावं, प्रत्येकासमोर त्याचा आरएसआय. खेळाच्या सरांनी टाळी वाजवली. दुकानदार म्हणाले, "लई भारी काम केलं, ताई. आता बाईंना सुट्टी." बाईही हसल्या. मग चष्मा लावून कागद वाचू लागल्या आणि तिसऱ्या नावावर थांबल्या.

"हा बत्तीस कसा?" त्यांनी वही उघडली. "माझा अडुसष्ट आलाय. हा शेअर तर तापत आलाय."

मी त्यांच्या वहीत पाहिलंही नाही. म्हणाले, "बाई, हाताने चौदा वजाबाक्या करताना एखादं चिन्ह इकडचं तिकडे होतं. मशीनचं होत नाही."

केमिस्ट जरा हसले. खेळाचे सर खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी वही मिटली आणि रबर लावलं. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. उलट विषय लवकर मिटला म्हणून बरं वाटलं, आणि पुढच्या नावावर गेले.

पुढच्या मंगळवारी दुपारी ऑफिसात काम कमी होतं. यादीत एक छोटा शेअर नवीन घालायचा होता. त्याला रोज अप्पर सर्किट लागत होतं, म्हणजे दिवसाला वाढता येईल तितका वाढून तो थांबत होता. चौदा दिवसांत एकदाही घसरला नव्हता. घसरण शून्य म्हणजे आरएसआय शंभर, हे बाईंनी शिकवलेलं मला पाठ होतं. प्रोग्रामने शून्य छापला.

मी परत चालवला. शून्य.

मग फाइल उघडली आणि कारण दिसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मशीन प्रत्येक भावातून वरच्या ओळीतला भाव वजा करतं. वर कालचा भाव असेल तर आज किती वाढला ते कळतं. मी तारखा उलट्या केल्यामुळे वर उद्याचा भाव होता. त्यामुळे प्रत्येक वाढ घसरण झाली होती आणि प्रत्येक घसरण वाढ. सरासरीला क्रमाशी देणंघेणं नसतं, पन्नास आकडे कसेही मांडा, म्हणून ती बरोबर आली होती. आरएसआय मात्र पालथा. अडुसष्ट आणि बत्तीस मिळून शंभर होतात. चिन्ह चुकलं होतं, ते माझं.

मी उलटं करणारी ओळ काढली, जागा भरणारी आज्ञा काढली, पहिल्या ओळीऐवजी शेवटची ओळ वाचायला सांगितली. तीन दुरुस्त्या. पुन्हा चालवला तेव्हा अकराची दोन नावं झाली आणि आधीच्या अकरातलं त्यात एकही नव्हतं. मी ज्यांना दम घेतलेले म्हटलं होतं ते सगळे तापलेले किंवा तापत आलेले होते.

शनिवारपर्यंत चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी बाईंना फोन केला नाही. कामांच्या वहीत "बाईंना फोन" असं लिहिलं आणि रोज पुढच्या पानावर ढकललं.

शनिवारी दोन नावांची यादी पाहून केमिस्टनी विचारलं की बाकीची कुठे गेली. मी म्हणाले, नियम जरा कडक केलाय. इतकं सहज निघालं तोंडातून.

बाई त्या दिवशी वही न घेता आल्या होत्या. सगळे बसल्यावर म्हणाल्या, "मागच्या वेळचं मी घरी तीनदा मांडलं. चूक सापडत नाही, म्हणजे आता नजरच राहिली नसेल. यापुढे हिच्याच यादीवर चला."

मी म्हणाले, "असू द्या, बाई, होतं असं."

हे वाक्य मी म्हणाले. त्यांनी न मागितलेली माफी मी त्यांना दिली. त्यानंतर दोन शनिवार बाई आल्या नाहीत. दुकानदार म्हणाले, "बाई डोळं दाखवाया नगरला गेल्त्या म्हनं."

ते ऐकून मी दुसऱ्याच दिवशी घोडेगावला गेले. जुना प्रोग्राम, नवा प्रोग्राम आणि दोन्हींचे आकडे असे तीन कागद फोल्डरमध्ये लावून नेले होते. बाई अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या. मी डोळ्यांचं विचारलं. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबरही बदलला नव्हता. "मग आता डोक्याचं बघायला हवं," बाई म्हणाल्या. त्या गमतीने म्हणाल्या, पण शेंगा निवडणारे हात थांबले होते.

मी कागद पुढे केले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, मंगळवारपासूनचं, नियम कडक केल्याचं खोटंही. बाईंनी मध्ये अडवलं नाही. कागद मांडीवर घेऊन त्यांनी जुना प्रोग्राम ओळीओळीने वाचला आणि जागा भरणाऱ्या आज्ञेवर बोट ठेवून ही काय करते ते विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे मशीन तुला सांगत होतं, इथे उत्तर नाही. आणि तू त्याचं तोंड बंद केलंस."

मी मान हलवली.

"मला मंगळवारी कळलं असतं तर मी हसले असते गं," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस मी भाजीवालीचे सुटे पैसेसुद्धा दोनदा मोजतेय." मग त्यांनी कागद परत माझ्या फोल्डरमध्ये ठेवले. "चूक चौघांसमोर काढलीस. कबूल इथे करतेस, शेवग्याखाली."

त्यांनी चहा केला. मी प्याले.

शनिवारी मी तिघांसमोर उभं राहून सांगितलं. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून सांगता आलं नसतं. उलट्या तारखा, पालथा आकडा, मंगळवार, खोटं, सगळं क्रमाने. खेळाचे सर म्हणाले, चालायचंच. केमिस्टनी त्या अकरातला एक शेअर घेतला होता. तो पडला की चढला हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुकानदार म्हणाले, "ताई, आमी हसलो त्याचं काय? बाईंना सुट्टी म्हनलो ते मीच."

त्यांनीच खोलीतून बाईंना फोन लावला. काय बोलले ते मला ऐकवलं नाही, बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलले.

पुढच्या शनिवारी बाई आल्या, वही घेऊन. मी त्या दिवशीची यादी पुढे ठेवली, तीन नावं होती. त्यांनी पहिल्या नावासमोर पेन टेकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पंधरा दिवसांचे बंद भाव सांग. जुना आधी."

मी वाचत गेले, त्या लिहीत गेल्या. वजाबाक्या केल्या, दोन सरासऱ्या काढल्या, भागाकार केला. आठ-दहा मिनिटं लागली असतील. तोवर कुणी मोबाईल काढला नाही. त्यांचा आकडा माझ्या छापील आकड्याशी जुळला. बाईंनी शेजारी बरोबरची खूण केली, आठवीत करायच्या तशी छोटी.

"पुढचा," त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या फाइलीतली जुनी तारीख शोधली आणि पुन्हा वाचायला लागले.