तांदळातलं नाव राजपत्रात

आमच्या सासूबाईंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी तोंडातून काढलं नाही. सासरे समोर असले तर 'ऐकलात?' आणि नसले तर 'झिलाचो बापूस', म्हणजे मुलाचा बाप. मासे विकणाऱ्या बाईचा आवाज, बंदरावर दिला तर होडीत ऐकू जाईल असा, पण तेवढ्या एका नावाला कुलूप. मी त्यांचीच सून. म्हणून मीही या लेखात कुणाचंच नाव घेणार नाही, माझं स्वतःचंसुद्धा. आता हा सगळा लेख नावाबद्दलच आहे, त्याला माझा इलाज नाही.

लग्न झालं तेव्हा नवरा मस्कतहून सुट्टीवर आला होता. ताटात तांदूळ पसरले, त्यात त्याने अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं, साखर वाटली, आणि मी एका मिनिटात दुसरीच कुणीतरी झाले. नाव मला मुळीच आवडलं नाही. आजीच्या काळातलं, नऊवारी नेसलेलं नाव. 'हे कुणी शोधलं?' असं मी नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "आयेन सांगल्यान, मी लिवलंय." एवढं बोलून हा बाबा सुट्टी संपवून मस्कतला गेला आणि मी मालवणात राहिले, सासूबाई आणि सुक्या बांगड्यांच्या सोबतीने.

वर्ष उलटलं आणि एक दिवस फोन आला. कंपनी त्याला कुटुंबासाठी खोली द्यायला तयार होती. पण माझा पासपोर्ट वेळेत आला तर! नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला. मी फोन ठेवला आणि अंगणात दोन गिरक्या मारल्या. वाळत घातलेल्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, पाय पडला म्हणून शिव्याही खाल्ल्या. नवऱ्याबरोबर एका घरात राहायचं म्हणजे काय ते मला अजून माहीतच नव्हतं हो!

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या सायबर कॅफेत. तेव्हा मालवणात इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेतून ठिबकणारं पाणी. एक पान उघडेपर्यंत शेजारच्या दुकानातून चहा पिऊन यावं. तरी मी पासपोर्टचा ऑनलाइन फॉर्म भरलाच. मध्ये एकदा लाइट गेली, भरलेलं सगळं पुसलं गेलं, पुन्हा भरलं. नावाच्या रकान्यात ताठ मानेने तांदळातलं नाव टाकलं. घरात, वाडीत, बाजारात मला त्याच नावाने हाक मारत होते, मग ते माझं नाही तर कुणाचं? 'यापूर्वी नाव बदलले आहे का', या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. बदललं कुठे होतं, ठेवलं होतं! प्रिंट काढली, त्यावर मुंबईच्या ऑफिसात जायची तारीख छापून आली, आणि मी ती देवापुढे ठेवली.

मुंबईला सासूबाई बरोबर आल्या. कुडाळहून गाडी, पिशवीत नातेवाइकांसाठी सुकट. ती पिशवी त्या नातेवाइकांकडे ठेवायची विसरल्या आणि थेट पासपोर्टच्या रांगेत घेऊन उभ्या राहिल्या. आमच्या मागेपुढे रांग आपोआप विरळ झाली. खिडकीतल्या बाईंनी माझे कागद एकेक करून पसरले. शाळेच्या दाखल्यावर आणि पॅन कार्डावर माझं माहेरचं संपूर्ण नाव. बँकेच्या पासबुकावर पहिलं नाव माहेरचं आणि आडनाव सासरचं, कारण लग्नाचा दाखला दाखवून मी तेवढंच बदलून घेतलं होतं. आणि रेशन कार्डावर तांदळातलं.

"तुम्ही तिघी आलात का?" बाईंनी विचारलं.

"नाय ओ, आमी दोगीच," सासूबाई म्हणाल्या.

बाई आधी गोंधळल्या आणि मग इतक्या हसल्या की शेजारच्या खिडकीतले साहेब डोकावले. अर्ज परत आला तो मात्र आलाच. पण बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "लग्नाच्या दाखल्याने आडनाव बदलतं, पहिलं नाव नाही. पहिलं नाव बदलायचं तर राजपत्रात छापून यायला हवं. त्यापेक्षा सोपं करा ना. माहेरचंच पहिलं नाव ठेवा, लग्नाचा दाखला जोडा, पॅन तसं करून घ्या आणि नवीन फॉर्म भरा. झटकन होईल."

मी परतीच्या गाडीत गाणी म्हणत होते. खोली मिळणार, मस्कत मिळणार, आणि वर ते नऊवारी नावही टळणार! सासूबाई सारा वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. दमल्या असतील, असं मला वाटलं.

पुन्हा सायबर. या वेळी सासूबाईही आल्या, बाजार उरकून, रिकामी पाटी घेऊन. मी पॅनच्या दुरुस्तीचा फॉर्म उघडला. तिथेही एक गंमत आहे. नवीन पॅनचा फॉर्म वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. सायबरवाला नवीनच भरायला निघाला होता, पण एका माणसाला दोन पॅन चालत नाहीत. नंबर जुनाच ठेवायचा, आणि जे बदलायचं असेल त्याच्या बाजूच्या चौकटीत खूण करायची. मी नावापुढे खूण केली आणि टाइप करायला लागले.

"काय लिवतंस?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं नाव. माहेरचं पहिलं, आणि आडनाव आपलं."

"आणि माझां नाव?"

"तुमचं कशाला, आये? फॉर्म माझा आहे."

त्या पाटीवरच बसल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलल्या. "तुका घातलेला नाव माझां गो. माझ्या बापाशीन ठेवलेला. चवथीपर्यंत शाळेत गेलंय त्या नावान. मगे लगीन झाला, तांदळात दुसरा नाव लिवल्यानी, आणि ता गेला ता गेलाच. म्हायेरात सगळी माका बाय म्हणीत. ती पण आता नाय कोण. म्हटला, घरात सून येतली, तिका घालूया. कोण तरी हाक मारीत, माझ्या कानार पडात." मग उठल्या. "ऱ्हवांदे. तुका जावचा आसा. तू लिव."

मी काही लिहिलं नाही. मला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं, कारण सायबरवाला एवढं ऐकून माऊस हातात धरून पुतळा झाला होता. वर्षभर मी ज्या नावाला नाकं मुरडत होते ते नाव समोर पाटीवर बसलं होतं. बोंबलाच्या वासासकट! मी खिडकी बंद केली. काँप्युटरची.

त्या संध्याकाळी मस्कतला फोन लावला. नवऱ्याला आईचं माहेरचं नाव माहीतच नव्हतं. "राजपत्राक कितके म्हयने लागतीत?" त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं. "आणि खोली गेली तर?" तेही माहीत नव्हतं. मग म्हणाला, "लाव तर आयेचाच नाव. मी हंय साहेबाचे पाय धरतंय."

मग मात्र मी पहिल्यापासून सुरुवात केली. सासूबाईंनी माशाच्या कालवणाची रीत एका वाक्यात सांगितली होती, "आधी वाटाप, मगे मासो, आगळ शेवटाक." पासपोर्ट म्हणजे आगळ, शेवटी घालायचा कोकमाचा आंबट रस. मी तेच सगळ्यांच्या आधी ओतून बसले होते.

म्हणून आधी शाळा. देवगडकडच्या माझ्या शाळेत जाऊन हेडमास्तरांना म्हटलं, दाखल्यावर नवीन नाव घाला. ते म्हणाले, "ज्या नावाने तू शिकलीस ते नाव रजिस्टरात राहणार. शाळा सोडल्यावर ते बदलत नाही. आणि बदलायचं कशाला? राजपत्रात 'जुने नाव' म्हणून हेच दे, जसंच्या तसं. म्हणजे दाखला आणि राजपत्र हातात हात घालून उभे राहतील." त्यांनी दाखल्याची प्रत साक्षांकित करून दिली, वर डोक्यावर टपलीही.

मग राजपत्राचा अर्ज. तो मात्र कागदावर: जुनं नाव, नवीन नाव, कारण. कारणाच्या जागी 'विवाहामुळे' लिहिलं. खरं कारण मावलं नसतं. लग्नाचा दाखला जोडला आणि वाट पाहत बसले. सासूबाई रोज पोस्टमनला पापलेटाच्या भावात सवलत देत होत्या, जणू राजपत्र तोच छापणार होता.

अखेर राजपत्र आलं. बारीक अक्षरांच्या लांबलचक ओळींमध्ये आमची एक ओळ. सासूबाईंनी चष्मा लावून, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं. मग ते पान घेऊन शेजारच्या चार घरांत जाऊन आल्या.

पुढे कसं सरसर झालं! पॅनचा ऑनलाइन दुरुस्ती फॉर्म भरला, पोचपावतीची प्रिंट काढली, फोटो चिकटवला, सही केली, राजपत्राची प्रत लावून पुण्याला पाठवली. जुनाच नंबर आणि नवीन नाव घेऊन कार्ड घरी आलं. ते घेऊन बँकेत. तिथे राजपत्राबरोबर लग्नाचा दाखलाही लागला, कारण मधली ती तिसरी बाई, अर्धी माहेरची अर्धी सासरची, त्यांच्याच पुस्तकात बसली होती. नवीन सहीचा नमुना दिला, पासबुक बदललं, तिसरी बाई गेली. मग शेवटी पासपोर्टचा फॉर्म, पहिल्या पानापासून नवा. 'यापूर्वी नाव बदलले आहे का', याच्यापुढे 'होय' आणि खाली जुनं नाव, शाळेच्या दाखल्यावर होतं तसंच. पुन्हा मुंबईची खिडकी, या वेळी सुकट घरी ठेवून. सगळे कागद एकमेकांशी नीट बोलत होते. मग चौकीवरून हवालदार चौकशीला आला, माशाचं जेवण जेवून गेला.

मस्कतहून फोन यायचे. साहेबाने खोली थांबवली आहे, पण आता जास्त दिवस नाही. खोली गेली तर नवऱ्याला काय तोंड दाखवू, आणि सासूबाई स्वतःला किती बोल लावतील, याचा विचारच नको वाटायचा.

त्या दिवशी मी चुलीपाशी खोबरं वाटत होते आणि सासूबाई मागीलदारी मासे साफ करत होत्या. पोस्टमन फाटकाशी आला. पासपोर्टचं पाकीट, ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायचं. नेहमी तो 'ओ वयनी' म्हणून बोलवायचा, पण त्या दिवशी पाकिटावरचं नाव वाचून, खडा आवाज लावून त्याने हाक मारली. नुसतं पहिलं नाव.

मी आतून "ओ" दिली. आणि त्याच क्षणी मागीलदारून, बंदरावरच्या त्या आवाजात, दुसरी "ओ" आली.

आम्ही दोघी एकदमच फाटकाशी पोचलो, मी वाटपाचे हात घेऊन आणि त्या खवल्यांचे. पोस्टमन एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला.

"तुमच्यातली खंयची गो?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी पदराला हात पुसले, पोरीसारख्या लाजल्या आणि मला पुढे ढकललं. "सही हिचीच घे," त्या म्हणाल्या. "पण हाक माका मारलंस."